'गणपतीच्या आधी' म्हणजे नेमकी कोणती तारीख?

कुपवाड एमआयडीसीत आमचं मोटर रिवाइंडिंगचं छोटं वर्कशॉप आहे. मोटारी माझे मिस्टर बघतात, बिलं आणि वसुली माझ्याकडे. तासगाव रस्त्याला एक कोल्ड स्टोरेज आहे, तिथे बेदाणा ठेवतात. द्राक्षाचा हंगाम सुरू होण्याआधी त्यांच्या कॉम्प्रेसरच्या तीन मोटारी आमच्याकडे आल्या होत्या. 2025 च्या संक्रांतीला, 14 जानेवारीला, आम्ही त्या पोचवल्या आणि चलनावर त्यांच्या सुपरवायझरची सही घेतली. 20 तारखेला बिल दिलं: मजुरी आणि सामान मिळून 1,60,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 28,800, एकूण 1,88,800 रुपये.

मालकांना आम्ही अण्णा म्हणतो. माणूस वाईट नाही. पण फेब्रुवारीत ते म्हणाले, "वहिनी, पाडव्याला नक्की." पाडवा गेला. एप्रिलमध्ये फोन केला तर म्हणाले, "मी पाडव्यानंतर म्हणालो होतो, चेंबर भरल्यावर भाडं येतं आमचं." ते खोटं बोलत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मी 'पाडव्याला' ऐकलं, त्यांच्या डोक्यात 'पाडव्याच्या सुमारास' होतं, आणि दोघांकडेही कागद नव्हता. मे महिन्यात "सौदे होऊ देत" झालं, जूनमध्ये "पाऊस थांबू दे". तांब्याच्या तारेचे पैसे आम्ही दुकानदाराला जानेवारीतच चुकते केले होते.

जुलैच्या मध्याला आमच्या वकील ताईंकडे दुसऱ्याच एका कामाला गेले होते. त्यांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, नोटीस आत्ता नको. पुढच्या वेळी ते तारीख देतील तेव्हा त्याच संध्याकाळी मेल करा, आणि त्यांच्याकडून एका ओळीचं तरी उत्तर आणा. त्यांनी दोन गोष्टी समजावून सांगितल्या, त्यामुळे मला मेल कशी लिहायची ते कळलं.

पहिली गोष्ट म्हणजे माझी मेल आणि त्यांचं उत्तर यांचं वजन एकसारखं नसतं. मी लिहिलं, "तुम्ही 25 तारखेला पैसे देतो म्हणालात," तर तो माझ्या बाजूचा कागद झाला. बोलणं झालं त्याच दिवशी लिहिला आणि समोरच्याने नाकारला नाही, म्हणून पुढे त्याचा उपयोग होतो. पण त्यांनी कबूल केलं असं नुसत्या गप्प बसण्यावरून कुणी धरून चालत नाही. त्यांच्याकडून "बरोबर आहे" आलं की ती त्यांची कबुली. मुदतीच्या कायद्यात, 1963 च्या, कलम 18 आहे: मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने लेखी आणि सहीने देणं मान्य केलं तर त्या दिवसापासून मुदत पुन्हा नव्याने मोजतात. आमचं काम 14 जानेवारी 2025 ला पुरं झालं, म्हणजे दावा लावायला साधारण 14 जानेवारी 2028 पर्यंतचे तीन वर्ष होते. अण्णांचं जुलैतलं उत्तर हाती आलं तर ते तीन वर्ष जुलैपासून पुढे. आमच्या बाबतीत हा सहा महिन्यांचाच फरक होता, पण दोन-अडीच वर्षं रखडलेल्या बिलाला हेच एक उत्तर वाचवू शकतं. मुदत उलटून गेल्यावर आलेल्या कबुलीला मात्र हे कलम लागू होत नाही.

मेलमधल्या नावाला सही म्हणायचं का, यावर समोरचा वकील वाद घालू शकतो, असंही ताई म्हणाल्या. म्हणून उत्तर त्यांच्या नेहमीच्या मेलवरून, खाली पूर्ण नावानिशी यावं. लेटरहेडवर सही करून पत्र देणारा गिऱ्हाईक असेल तर तो कागद कधीही जास्त भक्कम. अण्णांकडून तसलं पत्र निघणार नाही, हे मला माहीत होतं.

दुसरी गोष्ट मला अगदीच नवी होती. आम्ही उद्यममध्ये नोंदवलेले आहोत. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात गिऱ्हाइकाने पैसे कधी द्यायचे ते ठरवून दिलंय: लेखी मुदत ठरली नसेल तर काम स्वीकारल्यापासून 15 दिवस, ठरली असली तरी 45 दिवसांच्या पुढे नाही. त्यानंतर व्याज लागतं. मी जर साधेपणाने लिहिलं असतं की "आपण पैसे 25 ऑगस्टला द्यायचं ठरवलं," तर समोरच्याला म्हणायला जागा झाली असती की मुदत तुम्हीच वाढवून दिली, आता मागचं व्याज कसलं? तारीख नोंदवायची, पण आपण मुदत वाढवली असं वाक्य होऊ द्यायचं नाही. एवढ्याशा फरकासाठी मी ते वाक्य तीनदा लिहून काढलं.

28 जुलैला, सोमवारी, संध्याकाळी सहा चाळीसला अण्णांचा फोन आला. तेही दुसऱ्याच कामासाठी, एका पंपाबद्दल विचारायला. पंपाचं बोलून झाल्यावर मी विषय काढला. "वहिनी, गणपतीच्या आधी देऊन टाकतो," ते म्हणाले.

एरवी मी "बरं अण्णा" म्हणून फोन ठेवला असता. त्या दिवशी जॉब कार्ड उलटं करून पेन घेतलं आणि विचारलं, "अण्णा, गणपती 27 ऑगस्टला बुधवारी बसतायत. मी सोमवार 25 तारीख धरू का?" थोडं थांबून ते म्हणाले, "धरा. पण सगळे नाही जमणार. एक लाख 25 ला. उरलेले दसऱ्याला." दसरा त्या वर्षी 2 ऑक्टोबरला, त्या दिवशी गांधी जयंतीचीही सुट्टी, बँका बंद. मी म्हटलं, "दसऱ्याच्या आधी 30 सप्टेंबर, मंगळवार लिहू?" "लिहा."

'लिहू' हा शब्द मी मुद्दाम वापरला होता. नंतर मेल येणार हे त्यांना त्यातूनच कळलं, आणि ती आली तेव्हा त्यांना ते अविश्वासाचं वाटलं नाही.

मग रकमेचं. 1,88,800 मधून 1,60,000 वर एक टक्का टीडीएस 1,600 त्यांनी कापायचा होता, म्हणजे हातात 1,87,200 यायला हवेत. मी फोनवरच ती रक्कम उच्चारली: "एक लाख 25 ला, आणि 87,200 तीस सप्टेंबरला." फोन ठेवल्यावर आमचा फॉर्म 26 एएस उघडला. अण्णांच्या फर्मने त्या बिलावरचा 1,600 चा टीडीएस भरलेला तिथे दिसत होता. बिल त्यांनी स्वतःच्या वहीत घेतल्याशिवाय हा टीडीएस भरला जात नाही. माझ्याकडे आधीपासून असलेला एवढा चांगला पुरावा मी सहा महिने उघडून पाहिलाच नव्हता. तो मेलमध्ये घातला.

मेल अशी होती:

"विषय: बिल क्र. 118, दि. 20 जानेवारी 2025: आज फोनवर सांगितलेल्या पेमेंटच्या तारखा

अण्णा, नमस्कार.

आज सोमवार, 28 जुलै 2025 रोजी संध्याकाळी 6.40 च्या सुमारास तुमचा फोन आला तेव्हा वरील बिलाबद्दल बोलणं झालं. तीन मोटारींच्या रिवाइंडिंगचं हे बिल 1,88,800 रुपयांचं आहे. 1,600 रुपये टीडीएस तुम्ही भरल्याचं 26 एएसमध्ये दिसतं. तो वजा जाता 1,87,200 रुपये येणं बाकी आहे.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे 1,00,000 रुपये सोमवार, 25 ऑगस्ट 2025 रोजी आणि उरलेले 87,200 रुपये मंगळवार, 30 सप्टेंबर 2025 रोजी आमच्या खात्यात जमा होतील.

ही मी तुमच्या बोलण्याची नोंद केली आहे. बिलाची मूळ मुदत यामुळे बदलत नाही, आणि उशिराबद्दलचे आमचे कायदेशीर हक्क आम्ही सोडलेले नाहीत.

काम, रक्कम किंवा तारखा यांबद्दल काही हरकत असेल तर कृपया बुधवारपर्यंत कळवा. सगळं बरोबर असेल तर याच मेलला 'बरोबर आहे' असं लिहून खाली तुमचं नाव टाका."

खाली माझं नाव, वर्कशॉपचं नाव, खात्याचा तपशील. जानेवारीतलं बिल आणि सही असलेलं चलन पुन्हा जोडलं. आधी पाठवलेलं असलं तरी या मेलला जोडलेलं असावं, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही.

मेल सव्वासातला गेली आणि पाच मिनिटांत परत आली: `Address not found`. माझ्याकडे त्यांच्या जुन्या अकाउंटंटचा पत्ता होता, तो माणूस एप्रिलमध्येच सोडून गेलेला. इतके दिवस मी पाठवत असलेली खातेउतारे कुणी वाचलीच नव्हती, हे त्या रात्री कळलं. वाईट वाटलं. पुन्हा फोन करायला नको म्हणून अण्णांना व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा स्वतःचा मेल पत्ता विचारला. त्यांनी पाठवला, आणि तो पत्ता त्यांनीच दिल्याचा तो निरोपही मी जपून ठेवला. कारण "तो पत्ता माझा नाही" ही पळवाट पुढे कुणीही काढू शकतं.

शिवाय अण्णांसारखी माणसं मेल उघडत नाहीत. म्हणून मेल गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, "अण्णा, मेल टाकलीय. वाचून 'बरोबर आहे' एवढं मेललाच उत्तर द्या." त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा पाठवला. नुसत्या अंगठ्यावरून नेमकं काय मान्य केलं ते कुणी सांगू शकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टर त्यांच्याकडे पंप बघायला गेले होते, त्यांना सांगून ठेवलं होतं, की अण्णांच्या शेजारी बसून फोनवर ती मेल उघडून द्या. 29 जुलैला अकरा वाजून बारा मिनिटांनी उत्तर आलं: "बरोबर आहे. 25 ला 1 लाख. बाकी 30 सप्टें." आणि खाली त्यांचं नाव, आडनावासकट. तारखा त्यांनी आपण होऊन पुन्हा लिहिल्या, याचा मला फार आनंद झाला.

ते उत्तर मी प्रिंट केलं, पण त्याआधी जीमेलमध्ये त्या मेलच्या तीन ठिपक्यांवर जाऊन `Download message` केलं. त्यातून मूळ फाइल उतरते, कुठून कधी आली त्याच्या सगळ्या खुणांसकट. कागदावरच्या प्रिंटला किंवा स्क्रीनशॉटला कोर्टात एकटं उभं राहता येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते द्यायचं तर मूळ मेल ज्या खात्यात आली तिथे ती तशीच असायला हवी. ताईंकडे एक जण आले होते, त्यांनी महत्त्वाची मेल पुढे पाठवून मूळची पुसली होती. त्या गोष्टीपासून वसुलीच्या मेल मी वेगळ्या लेबलखाली ठेवते आणि पुसत नाही.

25 ऑगस्टला संध्याकाळी साडेसहापर्यंत पैसे आले नाहीत. त्या रात्री मी फोन केला नाही. फोन केला की नवी तारीख मिळते आणि जुनी विरते, हे मला पाडव्यापासून माहीत झालं होतं. 26 ला सकाळी त्याच मेलच्या उत्तराखाली लिहिलं: "अण्णा, काल 25 ऑगस्ट होती. 1,00,000 रुपये जमा झालेले नाहीत. आज दुपारी चारपर्यंत वाट बघते." खाली आधीचं सगळं होतंच, त्यांची स्वतःची ओळही. दुपारी 60,000 आले. 40,000 शुक्रवारी, 29 तारखेला. एकेका जमेनंतर मी त्याच साखळीत लिहीत गेले: अमुक रुपये मिळाले, बिल क्र. 118 पोटी, आता बाकी अमुक. हे लिहिणं कंटाळवाणं वाटतं, पण कुठले पैसे कुठल्या बिलाचे हे नंतर कुणी विचारलं तर उत्तर तिथेच असतं.

खरी गरज सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पडली. त्यांच्याकडे आलेला नवा अकाउंटंट 27 तारखेला फोनवर म्हणाला, "वहिनी, आमच्याकडे 67,200 द्यायचे दिसतायत. एक मोटर जूनमध्ये परत बिघडली होती, त्याचे 20,000 धरलेत." मला त्या मोटरची आठवण होती. जूनमध्ये तिची तक्रार आली तेव्हा मिस्टर गेले होते. टर्मिनलचा एक नट ढिला होऊन एक फेज सुटत होता आणि मोटर ट्रिप व्हायची. वाइंडिंगला काही झालं नव्हतं. नट आवळला, मेगरने तपासलं, भेट फुकट दिली आणि जॉब कार्डवर ते लिहिलं.

पण मला वाइंडिंगवर वाद घालावा लागला नाही. मी त्याला साखळी पाठवली आणि एकच गोष्ट दाखवली: ही मोटर जूनमधली. काम किंवा रकमेबद्दल हरकत असेल तर कळवा, असं 28 जुलैच्या मेलमध्ये मी विचारलेलं. 29 जुलैला मालकांनी पूर्ण 87,200 मान्य करून स्वतःची तारीख लिहिलेली. जूनची तक्रार खरी असती तर ती एका महिन्यानंतरच्या कबुलीत आली असती. तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला हे दाखवलंच नव्हतं. मी अण्णांना विचारतो." त्याच्या बाजूने बघितलं तर तो नवीन होता, त्याला कुणीतरी तोंडी सांगितलं होतं, आणि तोंडी सांगण्याला वही नसते.

'हरकत असेल तर कळवा' हे वाक्य मी पहिल्या मसुद्यात लिहिलं नव्हतं. ताईंनी घालायला लावलं. मला तेव्हा ते भीतीदायक वाटत होतं, उगाच गिऱ्हाइकाला खोडी काढायला बोलावणं धाडल्यासारखं. पण गिऱ्हाइकाची हरकत आहे की नाही हे पैसे द्यायच्या दिवशी कळण्यापेक्षा दोन महिने आधी कळलेलं बरं होतं. जुलैत त्यांनी मोटरचं काढलं असतं तर जॉब कार्ड दाखवून तेव्हाच मिटवता आलं असतं.

हे सगळं अण्णांसारख्या स्वतः मालक असलेल्या माणसाबरोबर जमलं. गेल्या महिन्यात मिरजेच्या एका कारखान्याच्या स्टोअर कीपरने मला असंच "पंधरा तारखेला होईल" सांगितलं. तीच मेल त्याला पाठवून उपयोग नव्हता, कारण पैशाचं वचन देणं त्याच्या अधिकारात येत नाही. त्या मेलमध्ये मी त्याचं नाव आणि हुद्दा लिहिला, त्यांच्या खरेदी विभागाला मेल केली, स्टोअर कीपरला सीसीत ठेवलं, आणि तारीख पक्की करून द्यायची विनंती केली. उत्तर आलं की पेमेंट 22 ला होईल. पंधरा नव्हे, पण ते ठरवणाऱ्या माणसाचं उत्तर होतं.

अण्णांचे 87,200 रुपये 30 सप्टेंबरला दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी आले. मी साखळीत शेवटची मेल टाकली: "बिल क्र. 118 चे पूर्ण पैसे मिळाले, बाकी काही नाही. आभार." ही मेल त्यांच्यासाठी होती. उद्या त्यांच्याकडे तिसरा अकाउंटंट आला आणि त्याने हे बिल पुन्हा उघडं समजलं, तर त्यांच्याही हातात कागद असायला हवा. दोन दिवसांनी दसऱ्याला अण्णांचा फोन आला. पंपाचं बिल कधी पाठवताय, विचारत होते. म्हणाले, "आणि वहिनी, तारीख तुम्हीच टाका यावेळी." मी म्हटलं, "अण्णा, तारीख तुम्ही सांगा. मी लिहिते."